डिस्क अडकली की आधी कान लावा

[दृश्य: मुंबई, लॅमिंग्टन रोड. दुकानाच्या आतलं दुरुस्तीचं टेबल. टेबलावर जुना काळा पीएस-४ गेम कन्सोल. हात एक डिस्क खाचेत सरकवतात. संगीत नाही, फक्त यंत्राचा आवाज.]

हा आवाज नीट ऐका. डिस्कची कड खाचेत शिरते आणि आतला रबरी रोलर तिला ओढून घेतो. ती मऊ घरघर म्हणजे पहिला आवाज. मग एक हलकी टक्. डिस्क मागच्या लिव्हरला टेकली, रोलर बाजूला झाला आणि डिस्क मधल्या मोटरच्या बुंध्यावर पकडली गेली. तिसरा आवाज वाऱ्यासारखा चढत जातो, डिस्क वेग घेते. शेवटचा आवाज अगदी बारीक, टिक्-टिक् असा. लेझर आपल्या रुळावरून सरकत डिस्कवरची पहिली खूण शोधत असतो.

घरघर, टक्, वारा, टिक्-टिक्. सगळं मिळून काही सेकंदांचं काम. ड्राइव्ह बिघडला की या साखळीतली एखादी कडी तुटते आणि कुठली तुटली हे कानाला कळतं. स्क्रूड्रायव्हर त्यानंतर.

[दृश्य: दुसरा कन्सोल, धुळीने राखाडी झालेला. बटण दाबतात. कर्कश खर्रर्र. पुन्हा दाबतात. पुन्हा तेच.]

हा दुसरा कन्सोल. २०१३ साली बाजारात आलेल्या पहिल्या पिढीतला. गेमची डिस्क आत आहे आणि बाहेर येत नाही. बाहेर काढायचं बटण दाबलं की दातावर दात घासल्यासारखा आवाज येतो, तीनदा बीप होतो आणि सगळं थांबतं.

खर्रर्र नेमकी कधी येते तिकडे लक्ष द्या. ती वारा चढण्याच्या आधी येते, डिस्क अजून फिरायलाच लागलेली नसते. म्हणजे घासतंय ते लेझर नाही आणि मधली मोटरही नाही. डिस्क आत-बाहेर नेणाऱ्या दातेरी चक्रांची रांग अडलीये. मोटर जोर लावते, पुढचं चाक हलत नाही, मग दाते एकमेकांवरून घसरतात. बटण जितक्या वेळा दाबाल तितके प्लॅस्टिकचे दाते झिजतील. म्हणून दोनदा दाबून पाहिलं, आता पुरे.

हीच खरखर डिस्क वेगात फिरताना आली असती तर शोध वेगळ्या ठिकाणी घ्यावा लागला असता: डिस्क बुंध्यावर तिरकी बसलेली असणं, मधल्या भोकापाशी तिला तडा असणं, किंवा चालू कन्सोल कुणीतरी आडव्याचा उभा केलेला असणं. या ड्राइव्हमध्ये डिस्क मिनिटाला साडेचार-पाच हजार फेरे घेऊ शकते. त्या वेगात यंत्र हललं तर डिस्कवर गोल चरा उमटायला क्षणही लागत नाही.

[दृश्य: वायर काढली जाते. कन्सोल उलटा होतो. चकचकीत झाकण सरकतं. टॉर्चच्या उजेडात खोल छिद्र.]

अडकलेल्या डिस्कसाठी लोक सगळ्यात आधी चिमटा घेतात. त्याच्यामागोमाग पोस्टकार्ड, पट्टी, कधी कधी दुसरी डिस्क. यातलं काहीही खाचेत घालू नका. खाचेच्या तोंडाशीच रोलर असतो आणि त्याचं रबर एकदा फाटलं की रोलर बदलण्याशिवाय इलाज उरत नाही.

यासाठी बनवणाऱ्यांनीच एक सोय ठेवली आहे. खाली एका छिद्रात, खोलवर, चौफुलीच्या खाचेचा एक स्क्रू आहे. त्याची जागा मॉडेलप्रमाणे बदलते, पण काम एकच: तो चक्रांची रांग हाताने फिरवतो. वायर काढलेलीच हवी. लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर लावून सावकाश फिरवायचं. एका दिशेने डिस्क आत जाते, दुसऱ्या दिशेने बाहेर, म्हणून दोन-चार फेऱ्यांनी थांबून खाचेत पाहायचं. पुष्कळ फेरे लागतात, घाई करू नका. हाताला कडक अडसर लागला तर मात्र तिथेच थांबायचं.

[दृश्य: स्क्रूड्रायव्हर अर्ध्यात थांबतो. टेक्निशियन मान हलवतो.]

इथे तो अडसर लागलाच. आता कन्सोल उघडण्याला पर्याय नाही.

[दृश्य: मागचे स्क्रू, झाकण, धूळ, ब्रश. वेगवान दृश्यं. मग ड्राइव्ह एकटा टेबलावर.]

मागचे स्क्रू ताऱ्याच्या आकाराचे, मधे टोचा असलेले. त्यांना मधे भोक असलेला टॉर्क्स लागतो, टी-९, आणि चांगल्या प्रतीचा टी-८ही चालून जातो. पॉवर सप्लायचा डबा उघडायचा नाही, वायर काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये वीज राहू शकते. ड्राइव्हच्या चपट्या केबल ओढण्याआधी त्यांची खिट्टी उचला. केबल जशी होती तशीच परत बसवायची असते, तेव्हा मोबाइलवर एक फोटो काढून ठेवा.

[दृश्य: ड्राइव्हचं वरचं पत्र्याचं झाकण निघतं. कॅमेरा जवळ जातो. रोलरभोवती गुंडाळलेली कागदाची पांढरी पट्टी.]

हे पाहा.

[तीन सेकंद शांतता.]

गेम भाड्याने देणारे डिस्कवर नंबराचं स्टिकर चिकटवतात. डिस्क तापली, पावसाळ्यातली दमट हवा लागली की कडेचा गोंद सुटतो. डिस्क आत जाताना रोलर ती सुटलेली कड पकडतो आणि स्टिकर स्वतःभोवती गुंडाळून घेतो. कागदाने रोलर जाड झाला, डिस्क वर उचलली गेली आणि छताच्या पत्र्याला दाबून बसली. मागून मोटर ढकलतेय, पुढे जागाच नाही. खर्रर्र आली ती यातून.

[दृश्य: कात्रीचं टोक, चिमटा, कागद तुकड्यातुकड्याने सुटतो. डिस्क निघते. कापसाची काडी रोलरवर.]

कागद चिमट्याने निघतो, गोंद मात्र रबरावर राहतो. त्यासाठी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल. कापसाची काडी ओलसर करा, थेंब गळेल इतकी नाही. रोलर बोटाने जरासा फिरवत पूर्ण लांबी पुसायची आणि काडी काळी व्हायची थांबेपर्यंत पुसायची. स्वच्छ रबर बोटाला किंचित चिकट लागतं. पुसूनही ते काचेसारखं गुळगुळीत लागलं तर रोलर कडक झालाय. असा रोलर डिस्कला नुसता चाटतो, ओढत नाही, आणि मग डिस्क अर्ध्यातून परत बाहेर येते.

चाकांचे दाते एकेक करून पाहायचे. इथे सगळे शाबूत आहेत. ज्या स्क्रूवरून लेझर सरकतो त्यावरचं ग्रीस वाळून पिवळं पडलंय. ते पुसून प्लॅस्टिकला चालणारं ग्रीस मोहरीच्या दाण्याएवढं लावायचं. गंज सोडवायचे स्प्रे इथे मारू नका. ते जुनं ग्रीस विरघळवतात, उडून जातात आणि त्यांचे तुषार लेन्सवर बसतात.

[दृश्य: झाकणं परत बसली. टीव्ही सुरू. एक सिनेमाची डीव्हीडी आत जाते. चित्र उमटतं. मग गेमची डिस्क. पडद्यावर संदेश.]

घरघर, टक्, वारा, टिक्-टिक्. डीव्हीडी चालली. गेमची डिस्क मात्र ओळखली जात नाही.

यातून बरंच कळतं. डीव्हीडी फिरली आणि वाचली गेली, म्हणजे रोलर, मोटर, केबल सगळं ठीक. डीव्हीडी ६५० नॅनोमीटरच्या लाल प्रकाशाने वाचतात. गेमची डिस्क असते ब्लू-रे, ती वाचायला ४०५ नॅनोमीटरचा जांभळट प्रकाश लागतो. ब्लू-रेवरच्या खुणा फार बारीक, त्यामुळे लेन्सवरचा थोडासा मळही तिला आडवा येतो. लाल चालतो आणि जांभळा नाही, तेव्हा एक तर लेन्स मळकी आहे नाहीतर तो लेझर थकलाय. ऑडिओ सीडी घालून तपासायला जाऊ नका, पीएस-४ ती मुळातच वाचत नाही.

[दृश्य: ड्राइव्ह पुन्हा उघडा, वायर काढलेली. लेन्स, पडदाभर. कापसाची काडी टेकते, एकदा फिरते, उचलली जाते.]

ही लेन्स बारीक तारांवर तरंगत असते. काडीचं स्वतःचं वजन पुरतं, वरून दाब नको. अल्कोहोलच्या ओलसर काडीने मधून बाहेर एक फेरी, मग कोरड्या काडीने एक. ब्रश लावलेल्या क्लीनिंग डिस्क मिळतात, त्या आम्ही वापरत नाही. वेगाने फिरणारा ब्रश या तारांना धक्का देऊ शकतो. झाकण उघडं असताना वीज लावून लेझरकडे पाहू नका. तो प्रकाश डोळ्याला जेमतेम दिसतो, पण इजा करतो.

[दृश्य: गेमची डिस्क आत. चार आवाज. पडद्यावर गेमचं चित्र उमटतं.]

वाचली.

नसती वाचली तर लेझर बदलावा लागला असता. सीयूएच-१००० आणि ११०० या मॉडेलना केईएस-४९०ए लागतो. सीयूएच-१२०० ला केईएस-८६०ए लागतो, एकाचा दुसऱ्याला चालत नाही. स्थिर विजेपासून वाचवण्यासाठी काही नवे लेझर दोन बिंदू सोल्डरने जोडून पाठवतात. तो जोड सोडवला नाही तर नवा भागही मेलेला वाटतो.

[दृश्य: ड्राइव्हच्या पोटातला हिरवा सर्किट बोर्ड. बोट त्यावर टेकतं आणि तिथेच राहतं.]

आता या बोर्डाकडे पाहा, कारण चांगले कन्सोल इथेच भंगारात जातात. ड्राइव्हचा हा बोर्ड आणि कन्सोलचा मुख्य बोर्ड कारखान्यातच एकमेकांशी जोडून दिलेले असतात. दुसऱ्या कन्सोलचा अख्खा ड्राइव्ह आणून लावला तर डिस्क आत जाते, बाहेर येते, पण गेम वाचला जात नाही. लोकांना वाटतं आणलेला ड्राइव्हही खराब निघाला. खरं तर जुना बोर्ड काढून नव्या ड्राइव्हच्या सांगाड्यात बसवायचा असतो. तोच जुना बोर्ड भंगारवाल्याकडे गेलेला असतो. ड्राइव्ह बदलायला द्याल तेव्हा जुना बोर्ड राहणार का, हे आधी विचारा, आणि काढलेला ड्राइव्ह परत मागून घ्या.

[दृश्य: इन्स्टॉलची पट्टी सरकते. शेजारी स्टिकर काढलेली डिस्क, तिच्यावर बारीक गोल चरा.]

पीएस-४ गेम हार्डडिस्कवर उतरवून घेतो. नंतर डिस्क लागते ती मुख्यतः ती तुमच्याकडे आहे हे तपासायला. ड्राइव्हची खरी परीक्षा उतरवतानाच होते. एकच डिस्क दर वेळी त्याच टक्क्यावर थांबत असेल तर दोष त्या डिस्कचा. सगळ्याच अडत असतील तर ड्राइव्हचा.

या डिस्कवर चरा राहिला आहे. ब्लू-रेची माहिती पृष्ठभागाच्या ०.१ मिलिमीटर खाली असते, म्हणून डीव्हीडीसारखी ती घासून पॉलिश करता येत नाही.

[दृश्य: पट्टी शंभर टक्क्यांवर. बटण दाबलं जातं. डिस्क घरघरत बाहेर येते. पुन्हा आत. पुन्हा बाहेर. दहा वेळा, न कापता.]