पळायचा बूट, चालणारं गिऱ्हाईक

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलायचं आहे जाहिरातीच्या मजकुरावर, आणि तेही एकाच वस्तूच्या. वस्तू कुठली? हजार-बाराशे रुपयांचा रनिंग शूज. आणि तो विकायचा कुणाला? पळणाऱ्याला नव्हे. सकाळी बागेत चार फेऱ्या मारून घरी जाणाऱ्या 45 ते 65 वयाच्या मंडळींना. हे नीट कानात राहू द्या: बूट पळायचा, गिऱ्हाईक चालणारं. सगळी गंमत आणि सगळा घोटाळा इथंच आहे.

आपल्या सांगलीत पहाटे आमराईच्या बागेत गेलात, तर हे गिऱ्हाईक ओळखायला वेळ लागत नाही. कुणाच्या पायात पोरानं कॉलेज संपल्यावर टाकलेले बूट, कुणाच्या पायात ऑफिसला घालून झिजलेली सँडल, कुणी चक्क स्लिपरवर. पैसे नाहीत म्हणून नव्हे हो. तासभर चालायला वेगळा बूट कशाला, असा तो हिशेब असतो. (फेऱ्या झाल्यावर कोपऱ्यावर मिसळ खाताना मात्र हा हिशेब कुणी काढत नाही, पण तो विषय आज नको.)

आता किस्सा सांगतो. पेठेत एक चपला-बुटांचं दुकान आहे. नाव राहू द्या. मालकांकडे कंपनीचा माल आला, रनिंग शूज, 48 जोड. छापील किंमत 1499, विकायची किंमत 1199. सोबत कंपनीचं पोस्टर. पोस्टरवर वीस-बावीस वर्षांचा पोरगा, डोंगराच्या कड्यावरून पळतोय, घामानं निथळतोय आणि खाली लिहिलेलं, ‘मर्यादा तोडा’. पोस्टर महिनाभर दारात लटकलं. कॉलेजची दोन पोरं आली, बूट दाबून बघितला, डिझाइन जुनं आहे म्हणाली आणि गेली. ज्यांना तो बूट उपयोगाचा होता, त्या पन्नाशीच्या माणसानं पोस्टरकडं बघितलंही नाही. का बघेल? डॉक्टरांनी त्याला रोज अर्धा तास चालायला सांगितलंय, मर्यादा तोडायला नाही.

मग मालकांनी स्वतः मजकूर लिहिला. पिवळ्या कागदावर हँडबिल छापलं: ‘गुडघेदुखीला रामराम! डॉक्टरांनी सुचवलेला अल्ट्रा कम्फर्ट शूज!’ आणि सहा वाजता बागेच्या दारात उभे राहिले वाटायला. एक निवृत्त शिक्षक नेहमीचे फिरणारे. त्यांनी कागद घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि तिथंच उभं राहून पेपर तपासावा तसा वाचला.

“काय ओ शेठ, कुठल्या डॉक्टरांनी सुचवलाय?”

“तसं लिहितात ओ सर जाहिरातीत.”

“लिहितात म्हणजे? माझा गुडघा तसाच दुखत राहिला तर तुमच्या काउंटरवर आणून ठेवू का?”

चार माणसं हसली. हँडबिलांचा गठ्ठा परत पिशवीत गेला.

सर चेष्टेत बोलले, पण कायदाही तेच म्हणतो. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 10 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केलं तर 50 लाखांपर्यंत. जे छापाल, ते सिद्ध करता आलं पाहिजे. बूट गुडघा बरा करत नाही. चांगला बूट टाचेला बसणारा दणका थोडा मऊ करतो, एवढंच. म्हणून नियम एकच: दुखण्याचं नाव जाहिरातीत घ्यायचं नाही. पुन्हा सांगतो, दुखण्याचं नाव घ्यायचं नाही.

मालक शहाणे. दुसऱ्या दिवशी हँडबिल घरी ठेवून नुसता बूट घेऊन गेले आणि बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातात देऊ लागले. विकायचा नाही, नुसता दाखवायचा. तिथं एक काकू आल्या. पायात मुलाचा जुना बूट, एक नंबर मोठा, आत दोन मोजे.

“काकू, मोठा नंबर का घालता?”

“लेडीजमध्ये लांबीला बसतंय ओ, पण हितं आवळतंय.” असं म्हणून त्यांनी अंगठ्याच्या बुडाशी बाहेर आलेलं हाड दाखवलं. “आणि माझा नंबर पाचच हाय. लग्नापासनं पाच.”

श्रोतेहो, या एका वाक्यात अर्धी जाहिरात आहे. वय वाढतं तसं पावलाचे अस्थिबंध सैल होतात, कमान थोडी खाली बसते आणि पाऊल रुंद होतं, थोडं लांबही होतं. पाय बदलतो, डोक्यातला नंबर तोच राहतो. मग माणूस पाच नंबर घालतो, बोटं चोळामोळा होतात आणि तो म्हणतो, मला बूट सोसतच नाहीत.

त्या सकाळी मालकांना बाकावर तेच-तेच प्रश्न ऐकू आले. पुढं जागा आहे का? ओल्यात घसरेल का? पुढचं पेस्टिंग सुटेल का? कुणीही हवेच्या कुशनबद्दल विचारलं नाही, वजन किती ग्रॅम म्हणून विचारलं नाही. आणि सगळ्या प्रश्नांच्या मागं एकच शंका: एवढा स्वस्त आहे, तर कमी काय आहे?

घरी येऊन त्यांनी बूट उलटा केला. मजकूर लिहिण्याआधी हे प्रत्येकानं करावं. तळाला टाचेखाली आणि चवड्याखाली काळ्या रबराचे तुकडे होते, मधे पांढरा फोम उघडा. हा फोम म्हणजे ईव्हीए. नखानं दाबला की तो दबतो, रबर दबत नाही, ओळखायची खूण एवढीच. काही स्वस्त बुटांचा अख्खा तळ ईव्हीएचा असतो. दुकानात तो हलका आणि मऊ लागतो, पण ओल्या फरशीवर, शेवाळलेल्या पेव्हर ब्लॉकवर सटकतो आणि टाचेला लवकर झिजतो. या बुटाला झिजायच्या दोन्ही जागी रबर होतं. घसरण्याच्या प्रश्नाला सांगण्यासारखं उत्तर मिळालं. ‘कधीच घसरणार नाही’ असं मात्र लिहायचं नाही. शेवाळावर रबरही घसरतं.

मग त्यांनी बूट वाकवला. चवड्यापाशी वाकला, मधे नाही. चालताना पाऊल जिथं मोडतं तिथंच बूट मोडला पाहिजे. पुढच्या टोकाला वरचा भाग आणि तळ जिथं चिकटवलेला असतो, तिथं नख फिरवलं. फट नव्हती. पेस्टिंग सुटायला सुरुवात बहुतेक वेळा तिथूनच होते, कारण पायरीला ठेच तिथं लागते आणि प्रत्येक पावलाला ताणही तिथंच पडतो. शिवाय आपले लोक बूट धुतात आणि कडक उन्हात गच्चीवर ठेवतात. त्यानं गोंद सैल होतो, फोम आकसतो. मग दोष कंपनीला.

टिकेल किती, हाही प्रश्न होताच. साधा ठोकताळा असा की असल्या बुटाचा फोम 500 ते 800 किलोमीटरनंतर मऊपणा गमावतो. रोज 3 किलोमीटर, महिन्याचे 26 दिवस धरले तर 78 किलोमीटर झाले. म्हणजे सहा-सात महिन्यांनंतर बूट वरून नवा दिसला तरी आतून बसलेला असू शकतो. फोमच्या कडेला आडव्या सुरकुत्या पडून राहिल्या की समजायचं. हे मालक काउंटरवर तोंडी सांगतात. छापत नाहीत, कारण त्याच बुटाची चाचणी झाल्याचा कागद त्यांच्याकडे नाही. मला हे फार पटलं.

आता मजकूर. पहिला बागेच्या दाराजवळच्या पाटीचा. साधा हिशेब करा. माणूस तासाला 5 किलोमीटर चालतो, म्हणजे सेकंदाला साधारण 1.4 मीटर. पाटी 20 फुटांवरून वाचता येते असं धरलं तर वाचायला मिळतात जेमतेम 4 सेकंद. चार सेकंदांत आठ-नऊ शब्द. त्यावर एक शब्द टाकलात तर पाय पुढं गेलेला असतो. अक्षर किमान 2 इंच उंच हवं, आणि आपल्या लिपीत वर वेलांटी, खाली उकार, म्हणून ओळींमधे जागा सोडावी लागते. पाटी झाली ती अशी:

‘बोटांना जागा. तळाला रबर. किंमत 1199. चालून बघा.’

आठ शब्द. खाली दुकानाचं नाव. महापालिकेची रीतसर परवानगी घेऊनच लावली, तेही सांगायला हवं. नाहीतर गल्लोगल्ली वाढदिवसाचे फ्लेक्स बघा, ज्याचा वाढदिवस त्याची आई सोडून बाकी सगळ्यांचे फोटो.

दुसरा मजकूर रेडिओचा, 20 सेकंदांचा. मराठीत सावकाश, नीट वाचलं तर 20 सेकंदांत 40 ते 45 शब्द बसतात. पन्नास कोंबले की निवेदकाला धाप लागते आणि किंमतच ऐकू येत नाही. कानासाठी लिहिताना किंमत दोनदा यायला हवी, पत्ता शेवटी. ऐका:

‘सकाळी बागेत फेऱ्या मारता? बुटात बोटं आवळतात? मग हा रनिंग शूज चालून बघा. पुढं बोटांना जागा, टाचेला आणि चवड्याला रबर. किंमत अकराशे नव्याण्णव. नंबर पाठ असला तरी पाय पुन्हा मोजून घ्या. अकराशे नव्याण्णव रुपये फक्त. पत्ता: गणपती पेठ, सांगली.’

यात ‘पाय पुन्हा मोजून घ्या’ हे वाक्य काकूंवरून सुचलेलं आहे, बरं का. तेच लोकांच्या लक्षात राहिलं. दुकानात येऊन माणसं म्हणू लागली, “शेठ, आमचा पाय मोजा बघू.” मोजताना दोन्ही पाय मोजायचे, उभं राहून, आणि मोठ्या पायाचा नंबर घ्यायचा. सगळ्यात लांब बोटाच्या पुढं हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा सुटली पाहिजे.

एक अडचण उरली होती. फिरणारी मंडळी साडेसातला बागेतून निघतात, दुकान उघडतं दहाला. तोवर जाहिरात विसरलेली. शिवाय बूट घ्यावा संध्याकाळी, पाय थोडा फुगलेला असताना, असं जाणकार सांगतात. मालकांनी दोन्हीवर एकच तोड काढली: रविवारी दुकान सकाळी साडेसातला उघडायचं. तासभर चालून आलेला पाय फुगलेला असतोच आणि पायात रोजचे मोजेही असतात. पाटीवर खाली बारीक अक्षरांत एवढंच वाढलं: ‘रविवारी सकाळी 7.30 पासून.’

आणि तिथंच शेजारी आणखी एक ओळ, जी बरेच जण विसरतात: ‘नंबर 5 ते 10, 1199 मध्ये फक्त 48 जोड.’ स्वस्त किमतीची जाहिरात करायची आणि माल पुरेसा नसेल, तर साठा मर्यादित असल्याचं सांगावं लागतं, असं 2022 च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचना म्हणतात. चौथ्या रविवारी नऊ नंबर संपला. त्याच दिवशी मालकांनी पाटीवरच्या 9 वर काळी पट्टी चिकटवली.