शंभर भागांची किती मतं?

नमस्कार श्रोतेहो. आज लातूर-परभणीकडच्या कृषी महाविद्यालयांतल्या मुलामुलींशी शेतकरी उत्पादक कंपनीच्या कारभारावर बोलू.

समजा, औसा तालुक्यात चारशे सभासदांची एक कंपनी आहे. सोयाबीन गोळा करते, गिरणीला देते. त्यात दोन सख्खे भाऊ. थोरल्याचे शंभर रुपयांचे शंभर भाग, धाकट्याचे फक्त दहा. पण धाकट्यानं कंपनीच्या काट्यावर 40 क्विंटल घातलं. थोरल्यानं अडत्याची उचल घेतलेली, म्हणून सगळा माल अडतीवर.

सप्टेंबर संपता संपता वार्षिक सभा. राखीव निधी बाजूला काढला, भागांवरचा मर्यादित परतावा धरला आणि दोन लाख उरले. वर्षभरात 2,000 क्विंटल आलेलं, म्हणून क्विंटलमागे शंभर रुपये बोनसचा ठराव आला. धाकट्याला 4,000, थोरल्याला शून्य!

थोरला उठला. "भांडवल माझं जास्त अन् बोनस ह्याला?"

अध्यक्ष म्हणाले, "दादा, भागांवर परतावा, मालावर बोनस."

"मग मतदान घ्या. माझी शंभर मतं."

"शंभर नाही, एक. भाग कितीही असू द्या, सभासदाला मत एकच."

तेवढ्यात मागून कुणी विचारलं, माणसं किती आलीत? मोजली तर 83. गणपूर्तीला सभासदांचा चौथा हिस्सा लागतो, चारशेला शंभर. पोटनियमात जास्त लिहिलं असेल तर जास्त. ठराव तिथंच अडला. गडबड होते ती इथंच: रजिस्टर घरोघर फिरवून सतरा सह्या भरतात. पुण्यात कामाला असलेल्याची सही दिसली, की ओळखायचं. (आणि सोयाबीन काढणीच्या तोंडावर सभा ठेवणाऱ्याला माणसं नकोच असतात, असं माझं स्पष्ट मत. ऑगस्टमध्ये ठेवा की!)

पुन्हा सांगतो: परतावा भागावर, बोनस मालावर, मत माणसाला.

आता संचालक. किमान पाच, जास्तीत जास्त पंधरा; त्यांची बैठक तीन महिन्यांतून एकदा तरी. मुख्य कार्यकारी अधिकारी पूर्णवेळ, आणि तो सभासद नसावा, असा कायदा. म्हणून अध्यक्षांचा मुलगा नेमतात. सभासद नसेल तर कायद्यात बसतं, पण खरेदीचा दर ठरवणारा आणि तो तपासणारा एकाच ताटात जेवतात.

सहकारी संस्थेतही मत एकच. फरक वरच्या देखरेखीचा. संस्था 1960 च्या महाराष्ट्र सहकारी कायद्याखाली, निबंधकाच्या नजरेखाली. कारभार बिघडला तर प्रशासक बसू शकतो. कंपनी येते कंपनी कायद्याखाली, तिथं गावाजवळ असा कुणी निबंधक नाही. त्यामुळे कंपनीत प्रकल्पासाठी गेलात, तर ताळेबंदाआधी सभेचं हजेरी रजिस्टर मागा, आणि बोनसची यादी काट्याच्या पावत्यांशी ताडून बघा.