वरचं वाढतंय, खालचं उतरतंय: म्हातारपणी बीपीच्या दोन आकड्यांमध्ये नेमकं काय होतं

स्क्रीनवर दोन रीडिंग दिसतायत. डावीकडे 120/80, ते एका तीस वर्षांच्या माणसाचं आहे असं धरू. उजवीकडे 160/60, ते चौऱ्याहत्तर वर्षांच्या आजींचं. आता आपल्याकडे घरोघरी हे दुसरं रीडिंग आलं की काय बोललं जातं ते तुम्हाला माहितीये, "वरचं जरा जास्त आहे पण खालचं छान आहे, वयानुसार असायचंच". म्हणजे त्या 60 कडे बघून सगळे निर्धास्त होतात. आजचा हा व्हिडिओ त्या 60 बद्दलच आहे, कारण आजींच्या वयात तो आकडा खाली येणं ही बहुतेक वेळा चांगली बातमी नसते.

आधी एक छोटं गणित करून घेऊ. वरच्या आकड्यातून खालचा वजा केला की मिळतं पल्स प्रेशर, म्हणजे तरुणाचं 40 आणि आजींचं 100. आणि दुसरं असतं मीन प्रेशर, म्हणजे पूर्ण एका ठोक्याच्या काळातलं सरासरी प्रेशर. हे काढताना वरचं-खालचं मिळवून दोनने भागायचं नसतं, कारण हृदय आकुंचन पावतं तो वेळ कमी आणि सैल पडून भरतं तो वेळ जास्त, त्यामुळे सरासरी खालच्या आकड्याकडे झुकते. म्हणून खालच्या आकड्यात पल्स प्रेशरचा एक तृतीयांश मिळवतात. तरुणाचं 80 अधिक 13, म्हणजे 93. आजींचं 60 अधिक 33, म्हणजे पण 93!

दोघांचं मीन प्रेशर सारखंच. (हे सूत्र ढोबळ आहे, नाडी फार जोरात चालत असेल किंवा धमन्या फार कडक असतील तर थोडं चुकतं, पण आपल्या कामाला पुरेसं आहे.) मग दोघांमध्ये फरक पडला कुठे?

मीन प्रेशर ठरतं दोन गोष्टींवर, हृदय मिनिटाला किती रक्त बाहेर टाकतं आणि पुढच्या अगदी बारीक धमन्या त्याला किती अडवतात. आजींचं हृदय मिनिटाला साधारण पाच लिटर टाकतंय, तरुणाचंही तेवढंच, आणि बारीक धमन्यांचा अडथळाही दोघांचा सारखाच, म्हणून सरासरी सारखी. पण रक्त काही सलग धारेत येत नाही, धक्क्याधक्क्याने येतं, एका ठोक्याला अंदाजे 70 मिली. हा धक्का किती उंच जाणार आणि मध्ये किती खाली पडणार हे ठरवते मोठी धमनी, मुख्यतः महाधमनी म्हणजे अ‍ॅओर्टा, आणि तिचा लवचिकपणा. डॉक्टर लोक त्याला कंप्लायन्स म्हणतात. प्रेशर पाऱ्याच्या 1 मिलिमीटरने वाढलं तर धमनीत किती जास्तीचं रक्त मावतं, एवढाच त्याचा अर्थ.

ही गोष्ट पहिल्यांदा नीट पकडली ती इंग्लंडमधल्या टेडिंग्टन गावच्या एका पाद्र्याने, स्टीफन हेल्सने. त्याने एका घोडीच्या मांडीतल्या धमनीत पितळी नळी बसवली आणि तिला लांब काचेची नळी जोडली, तर रक्त 8 फुटांच्या वर चढलं, आणि तिथे वर पोचल्यावरही ते स्थिर राहिलं नाही, प्रत्येक ठोक्याला दोन-तीन-चार इंच वरखाली होत राहिलं. म्हणजे मीन प्रेशर आणि पल्स प्रेशर, दोन्ही एकाच नळीत डोळ्यांनी दिसले! 1733 साली छापलेल्या पुस्तकात त्याने धमन्यांची तुलना त्या काळच्या आग विझवायच्या पंपाशी केली. त्या पंपात हवेचा एक बंद गोळा असायचा, माणूस दांडा दाबायचा तेव्हा पाणी त्या गोळ्यात शिरून हवा दाबायचं, आणि दांडा वर घेताना तीच दाबलेली हवा पाणी बाहेर ढकलायची, त्यामुळे पंप धक्क्याधक्क्याने मारला तरी नळातून धार सलग पडायची. पुढे 1899 मध्ये जर्मनीत ओट्टो फ्रँकने हीच कल्पना गणितात बसवली, आणि ते गणित आजही शिकवलं जातं.

तर महाधमनी हेच करते. हृदय 70 मिली रक्त आत ढकलतं तेव्हा ती फुगते, त्यातलं जवळपास निम्मं रक्त तात्पुरतं स्वतःत साठवते, आणि हृदय सैल पडल्यावर आक्रसून ते पुढे पाठवते. म्हणजे हृदय विश्रांती घेतंय त्या वेळेत शरीराला रक्त पुरवायचं काम धमनीची भिंत करत असते.

आता आपली दोन रीडिंग पुन्हा घेऊ. तरुणाच्या बाबतीत 70 मिलीला 40 मिलिमीटर प्रेशर वाढलं, म्हणजे कंप्लायन्स ढोबळमानाने 1.75. आजींच्या बाबतीत तेच 70 मिली, पण वाढ 100 ची, म्हणजे 0.7. धमनी निम्म्यापेक्षाही कमी लवचिक राहिली. भिंत ताणली जात नाही म्हणून वरचं प्रेशर 160 ला जातं, हे लगेच पटतं. पण खालचं का पडलं? इथेच बरेच जण गोंधळतात, त्यांना वाटतं धमनी कडक झाली तर दोन्ही आकडे वाढायला हवेत ना.

तर तसं होत नाही, कारण जी भिंत फुगलीच नाही ती साठवणार काय आणि नंतर परत ढकलणार काय. रक्त ठोक्याच्या वेळेतच पुढे निघून जातं आणि मागे शिल्लक थोडं राहतं. नाडी मिनिटाला 70 असेल तर हृदयाची विश्रांती साधारण अर्धा सेकंद चालते. फ्रँकच्या गणितात आपले आकडे टाकले तर त्या अर्ध्या सेकंदात तरुणाचं प्रेशर सुमारे पाव हिश्शाने उतरतं, विश्रांती सुरू होतानाच्या 105 वरून 80 पर्यंत, आणि आजींचं निम्म्यावर येतं, 120 वरून 60. म्हणजे तो 60 आणि तो 160 एकाच कारणाने आलेत. खालचं बीपी सुधारलेलं नाहीये, धमनीने आपलं अर्धं काम सोडलंय म्हणून ते पडलंय.

आणि हे काही एखाद-दुसऱ्याचं नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रॅमिंगहॅम गावात 1948 पासून पिढ्यानपिढ्या लोकांचं बीपी मोजलं जातंय, त्यात स्पष्ट दिसलं की वरचं प्रेशर वयाबरोबर वाढतच जातं, पण खालचं साधारण पन्नाशीपर्यंत वाढतं आणि मग साठीच्या आसपास उतरायला लागतं. म्हणजे चाळिशीत 150/98 असलेला माणूस पंचाहत्तरीत 165/70 वर आला तर त्याचं बीपी "अर्धं बरं" झालेलं नसतं.

धमनी कडक होते म्हणजे काय, तर महाधमनीच्या भिंतीच्या मधल्या थरात इलॅस्टिन नावाच्या प्रथिनाचे पापुद्रे एकावर एक असतात. हे इलॅस्टिन शरीर मुख्यतः आईच्या पोटात आणि लहानपणी बनवतं, नंतर जवळजवळ नाहीच, आणि वर्षाला साडेतीन कोटींच्या वर ठोके त्याच पापुद्र्यांनी सोसायचे असतात. सत्तरीपर्यंत ते ठिकठिकाणी तुटलेले असतात, मग ताण कोलॅजनवर येतो, जे मजबूत असतं पण ताणलं जात नाही, वरून कॅल्शियम बसतं. मधुमेह आणि किडनीचा आजार असेल तर हे सगळं लवकर होतं. आणि कृपा करून याला ब्लॉकेज समजू नका, कोलेस्टेरॉलची गाठ आतल्या अस्तरात होते, हा आजार भिंतीच्या मधला आहे, अँजिओग्राफी स्वच्छ असलेल्या माणसाची महाधमनीही कडक असू शकते. ते मोजायला मानेतली आणि जांघेतली नाडी एकाच वेळी पकडून लाटेचा वेग काढतात, तरुणात सेकंदाला पाच-सहा मीटर, आणि 10 च्या वर गेला तर धमनी कडक.

आता यात हृदयाची किती ओढाताण होते बघा. आजींच्या डाव्या कप्प्याला प्रत्येक ठोका 160 च्या विरुद्ध मारायचाय, त्यामुळे त्याचा स्नायू जाड होतो, त्याला जास्त रक्त लागतं. पण त्या स्नायूला स्वतःचं रक्त मिळतं ते मुख्यतः विश्रांतीच्या वेळेत, म्हणजे नेमकं 60 च्या प्रेशरवर. मागणी वाढली आणि पुरवठ्याचंच प्रेशर घटलं. मेंदू आणि किडनीचं वेगळं, तिथल्या बारीक धमन्या रक्ताला फारसं अडवत नाहीत, त्यामुळे 100 चा तो धक्का न विझता आतपर्यंत पोचतो आणि नाजूक वाहिन्यांना वर्षानुवर्षं ठोकत राहतो.

म्हणून "वयानुसार असायचंच" म्हणून सोडून द्यायचं का? पूर्वी बरेच डॉक्टरही तसंच मानायचे. 1991 मध्ये अमेरिकेत शेप नावाच्या अभ्यासाचा निकाल आला, साठीच्या पुढचे 4,736 लोक, वरचं 160 किंवा जास्त आणि खालचं 90 च्या आत, म्हणजे आपल्या आजींसारखेच. निम्म्यांना क्लोरथॅलिडोन या लघवी वाढवणाऱ्या साध्या गोळीपासून सुरुवात करून औषध दिलं, निम्म्यांना औषध नसलेली गोळी. औषधवाल्यांमध्ये पक्षाघात 36 टक्क्यांनी कमी झाले. माझ्या मते एवढा स्वच्छ निकाल असताना वरच्या आकड्याकडे दुर्लक्ष करायला कारणच उरत नाही.

पण अडचणही तिथेच आहे. गोळी 160 ला खाली आणते तेव्हा आधीच पडलेल्या 60 लाही आणखी खाली ओढते. आणि नाडी फार हळू करणारी औषधं असतील तर विश्रांतीचा वेळ लांबतो, तेवढा वेळ प्रेशर गळत राहतं, शिवाय एका ठोक्याला जास्त रक्त येतं, म्हणजे दोन आकड्यांमधलं अंतर उलट वाढू शकतं. शिवाय एवढं मोठं अंतर दिसलं की ते कडक धमनीचंच आहे असं धरून चालत नाही, महाधमनीची झडप गळत असेल, थायरॉईड वाढलेलं असेल किंवा रक्त खूप कमी असेल तरी असंच रीडिंग येतं, म्हणून स्टेथोस्कोप लावून झडपेचा आवाज ऐकणं आणि रक्त तपासणं आधी.

आणि अजून एक, जे घरीही करता येतं. प्रेशर पडलं की मेंदूला कळवणारी केंद्रं मानेतल्या धमनीच्या आणि महाधमनीच्या भिंतीतच असतात, त्यांना भिंत ताणली गेल्याचं कळतं, पण भिंतच कडक झाली की त्यांना नीट कळत नाही, म्हणून म्हातारी माणसं पटकन उठली की डोळ्यांपुढे अंधारी येते. तर आजींचं बीपी आधी पाच मिनिटं बसवून घ्यायचं, मग उभं राहिल्यावर एक मिनिटाने आणि परत तीन मिनिटांनी घ्यायचं, जवळ कुणीतरी उभं राहून. उभं राहिल्यावर वरचं 20 किंवा खालचं 10 ने पडत असेल तर ते तिन्ही आकडे वहीत लिहून डॉक्टरांना दाखवायचे, गोळीचा डोस वाढवायच्या आधी.