पेसेटा गेला, मग स्पेनचं काय झालं?

नमस्कार श्रोतेहो.

१९९२-९३ मध्ये स्पेन मंदीत अडकला, तेव्हा आठ-नऊ महिन्यांत पेसेटाचं, म्हणजे स्पेनच्या तेव्हाच्या चलनाचं, अवमूल्यन तीनदा झालं. स्पेनचा माल परदेशात स्वस्त झाला, निर्यात सावरली. कुणाच्या पगाराच्या आकड्याला हात लावावा लागला नाही. १९९९ साली मात्र १६६.३८६ पेसेटा म्हणजे एक युरो असा दर कायमचा ठरला, आणि ती सोय संपली.

त्याचा पहिला चटका मंदीत नाही, तेजीत बसला. जून २००३ ते डिसेंबर २००५ युरोपीय मध्यवर्ती बँकेचा मुख्य व्याजदर दोन टक्के होता. तेव्हा जर्मनी मरगळलेला होता आणि तिथली महागाई दोन टक्क्यांच्या आत होती, त्यामुळे त्याला हा दर मानवला. स्पेनमध्ये महागाई तीन टक्क्यांच्या वर होती. दोन टक्क्यांनी पैसा घ्यायचा आणि किमती तीन टक्क्यांनी वाढायच्या, म्हणजे खरा व्याजदर शून्याच्याही खाली. कर्जावर बँक थोडं वर लावायची, तरी घर घेणं फायद्याचंच दिसायचं. लोकांनी घरं घेतली, बिल्डरांनी बांधली. माद्रिदमधली मध्यवर्ती बँक हे पाहत होती, पण दर वाढवायचा अधिकार तिच्याकडे उरला नव्हता.

इथे एक गैरसमज दूर करतो. स्पेनचं सरकार उधळं होतं असं सर्रास बोललं जातं. २००७ मध्ये त्याच्या अंदाजपत्रकात शिल्लक होती आणि सरकारी कर्ज, अर्थव्यवस्थेच्या आकाराशी तुलना करता, जर्मनीहून कमी होतं. कर्ज फुगलं होतं ते घरांचं आणि बिल्डरांचं.

फुगा फुटला तेव्हा चलन पाडता येईना. मग मजुरी पाडायची. पण पगार घटला तरी घराचं कर्ज तेवढंच राहतं, हप्ता जड होतो, माणूस खर्च आवरतो, दुकानदाराचा धंदा बसतो. शिवाय पगार सहजासहजी उतरत नाहीत, नोकऱ्या आधी जातात. २००७ मध्ये साधारण आठ टक्के असलेली बेकारी २०१३ मध्ये सव्वीस टक्क्यांवर गेली.

अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट मुंडेल यांनी १९६१ मध्येच लिहिलं होतं: एक चलन तिथेच शोभतं, जिथे काम गेलेला माणूस काम असलेल्या भागात सहज जाऊ शकतो. नंतरच्या अभ्यासकांनी त्यात सामाईक तिजोरीची भर घातली. अमेरिकेत एखादं राज्य बुडायला लागलं की तिथून केंद्राला जाणारा कर आपोआप घटतो आणि केंद्राची मदत वाढते. युरो क्षेत्रात तशी तिजोरी नव्हती, आणि वालेन्सियातल्या गवंड्याला म्युनिकला जायचं तर जर्मन शिकावं लागे.

२०११ च्या एप्रिल आणि जुलैमध्ये युरोपीय मध्यवर्ती बँकेने दर वाढवले, कारण युरो क्षेत्राची सरासरी महागाई दोन टक्क्यांच्या वर गेली होती. स्पेनमध्ये तेव्हा दर पाच कामकऱ्यांत एक बेकार होता. तिथली बहुतेक गृहकर्जं बदलत्या व्याजाची, युरिबोरला, म्हणजे युरोतल्या बँका एकमेकींना ज्या दराने कर्ज देतात त्या दराला, बांधलेली. त्यामुळे पुढच्या फेरआढाव्यात कित्येकांचा हप्ता वाढूनच आला.