घेराची कड: ब्लाइंड, रोल की वजनी हेम

आज मी एकच कपडा समोर ठेवून बोलणार आहे. अर्धगोल घेराचा स्कर्ट, कंबर 70 सेंटीमीटर, लांबीही 70 सेंटीमीटर, मागे एकच शिवण. हा मुद्दाम निवडलाय. पँटच्या सरळ पायाला कोणतं हेम घालायचं, यावर फारसं कुणी अडत नाही. अडायला होतं ते घेराच्या कडेला, आणि बाहेरून टाका न दिसणारं ब्लाइंड, बारीक गुंडाळलेलं रोल, कडेत वजन घातलेलं वजनी, या तिन्ही हेमांची खरी कसोटी तिथेच लागते.

आधी थोडं गणित करू, कारण निम्मा निर्णय त्यातच होतो. कमरेचं माप 70, म्हणून आतली त्रिज्या सुमारे 22 सेंटीमीटर. त्यात लांबी मिळवली की 92. म्हणजे तयार स्कर्टची खालची कड साधारण 289 सेंटीमीटर भरते. समजा आपण नेहमीच्या सवयीने दुमडीला 4 सेंटीमीटर कापड सोडलं. मग कापलेली कड 96 त्रिज्येवर येते आणि तिची लांबी होते साधारण 301.5. ती आत दुमडली की जाऊन बसते 88 त्रिज्येवर, आणि तिथे जागा आहे फक्त 276.5 सेंटीमीटर. 25 सेंटीमीटर कापड जास्त झालं. ते कुठे जाणार? चुण्या पडणार, आणि इस्त्री फिरवली की त्या चुण्यांच्या खुणा दर्शनी बाजूला उमटणार.

यातली लक्षात ठेवण्याची गोष्ट अशी की हे जास्तीचं कापड कंबर किंवा लांबीवर ठरत नाही. अर्धगोल घेरात ते फक्त दुमडीच्या रुंदीवर ठरतं. दुमड 2 सेंटीमीटर घेतली तर साडेबारा सेंटीमीटर जास्त होतं, अर्धा सेंटीमीटर घेतली तर जेमतेम 3. घेर पूर्ण गोल असेल तर हे आकडे दुप्पट धरा. म्हणून कुणी मला विचारलं की घेरदार स्कर्टला ब्लाइंड हेम चालेल का, तर मी उलट विचारते: कापड कोणतं, आणि ते आटतं का?

कारण आटणं हाच ब्लाइंड हेमचा आधार आहे. समजा स्कर्ट लोकरी फ्लॅनेलचा आहे. 2 सेंटीमीटरच्या दुमडीत साडेबारा सेंटीमीटर जास्तीचं कापड 289 सेंटीमीटरच्या कडेवर पसरलं, म्हणजे दर 10 सेंटीमीटरमागे साधारण 4 मिलिमीटर. लोकरीला हे सहज झेपतं. कापलेल्या कडेपासून अर्ध्या सेंटीमीटरवर लांब टाक्यांची एक शिलाई घालायची, तिचा दोरा हलका ओढून कड स्कर्टवर सपाट बसेल एवढीच गोळा करायची आणि वरून वाफ द्यायची. इस्त्री घासायची नाही, उचलून ठेवायची. लोकरीचा धागा वाफेने आकसतो आणि ती जास्तीची भर जागच्या जागी जिरते. हेच पॉलिएस्टर क्रेपवर करून पाहा. कितीही वाफ दिली तरी भर तशीच राहते, कारण तो धागा आकसतच नाही. उलट इस्त्री जास्त तापली तर चुण्या कायमच्या बसतात. दोन्ही कापडं हाताला सारखीच जड लागत असली तरी त्यांचं हेम सारखं असू शकत नाही.

दुसरी अट जाडीची. ब्लाइंड हेममध्ये सुई दर्शनी कापडाचा एखाद-दुसराच धागा उचलते आणि तोही कापडाच्या जाडीतून, आरपार न जाता. म्हणून शिवण्याआधी एक चाचणी करावी. कापडाच्या तुकड्यावर उलट बाजूने बारीक सुईने एक धागा उचला, तसाच दोरा ओढा आणि तुकडा सुलट करून खिडकीच्या उजेडात तिरका धरा. काहीच दिसलं नाही तर ब्लाइंड हेम करता येईल. प्रत्येक टाक्याला बारीक ठिपका किंवा खळगी दिसली तर दोरा बदलून आणि ताण कमी करून पुन्हा पाहा. तरीही दिसत असेल तर कापड तेवढं जाड नाही, हे मान्य करायचं. शिफॉनमध्ये तर दुमडीची सावलीही बाहेरून दिसते, म्हणजे लपवण्यासारखं काही उरतच नाही.

शिवताना दुमडीची वरची कड पाव इंच मागे वळवून तिच्या आत टाके घ्यावेत, थेट कडेवर नाही. टाका सैल हवा. दोन टाक्यांमधला दोरा थोडा ढिला राहिला तर चालतानाचा ताण तो सोसतो. घट्ट ओढला तर दर सेंटीमीटरला खळगी पडते, आणि ती इस्त्रीने जात नाही. मशीनवरच्या ब्लाइंड टाक्यात तीन-चार सरळ टाके दुमडीवर पडतात आणि एक बाजूला झेपावून घडीला चिमटा घेतो. सरळ कडेला तो छान बसतो. पण वळणावर घडी सतत सरकते, म्हणून काही टाके खोल जातात, काही घडीला लागतच नाहीत. या स्कर्टला मी मशीनचा ब्लाइंड टाका सुचवणार नाही. इस्त्री करताना दुमडीची कड आणि स्कर्ट यांच्यामध्ये कागदाची पट्टी सरकवा, नाहीतर आतली कड बाहेर आडव्या रेषेसारखी उमटते.

आता तोच स्कर्ट जॉर्जेटचा. दुमडीला जागाच द्यायची नाही, म्हणून रोल हेम. 3 मिलिमीटरच्या वळवणीत जास्तीचं कापड जेमतेम 2 सेंटीमीटर होतं आणि ते गुंडाळीत सहज मुरून जातं. घेराला आणि पातळ कापडाला रोल हेम शोभतं, असं आपण म्हणतो, त्यामागचं कारण हे आहे.

पण रोल हेमचेही प्रकार आहेत आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. ओव्हरलॉकवरचा रोल, ज्याला आपण पिको म्हणतो, झटपट होतो, पण कडेवर दोऱ्याचं दाट वेटोळं बसतं. जॉर्जेटपेक्षा ते कडक असतं, त्यामुळे घेर मऊ पडण्याऐवजी कड वाऱ्यावर धरलेल्या तारेसारखी वळवळते. कधी तोच परिणाम हवा असतो, तेव्हा जरूर करा. मात्र कापडाचे बारीक तंतू वेटोळ्यातून बाहेर डोकावत असतील तर टाके विरळ आहेत किंवा पट्टी अरुंद पडते आहे, हे ओळखा. साध्या मशीनचं रोल हेम फूट सरळ धाग्यावर सुरेख चालतं. उरेब, म्हणजे तिरका धागा, आला की कापड ताणलं जातं, आणि शिवणीची जाडी आली की फूट अडकतं.

घेरासाठी मला दोनदा वळवून तीन शिलायांची पद्धत सगळ्यात भरवशाची वाटते. हेम जिथे यायला हवं तिथून 3 मिलिमीटर खाली एक शिलाई घाला, टाका 2 मिलिमीटरचा, सुई 60 किंवा 65 नंबरची. त्या शिलाईवर कापड आत वळवा, शिलाई अगदी थोडी आत जाईल असं. आता घडीच्या काठालगत दुसरी शिलाई मारा आणि तिच्या पुढे उरलेलं कापड टोकदार कात्रीने, शिलाईपासून एक-दोन मिलिमीटर राखून कापा. हे कापणं घाईत होत नाही. खालचं कापड कात्रीत येऊ नये म्हणून कात्रीचं पातं सपाट धरावं लागतं. मग पुन्हा एकदा वळवून तिसरी शिलाई दुसरीवरच बसवा. पहिली शिलाई उरेबाला ताणू देत नाही, तिचं काम तेवढंच. कड लाटांसारखी हलली तर समजा की हाताने कापड ओढलं गेलंय. हाताने गुंडाळून केलेलं रोल हेम याहून मऊ पडतं, पण 289 सेंटीमीटर कडेला वेळही तसाच लागतो.

जॉर्जेटचा स्कर्ट वाऱ्यावर उडतो म्हणून त्याच्या कडेत वजन घालावं, असं बरेच जण सुचवतात. मी त्याच्या विरोधात आहे. या स्कर्टची मागची शिवण उभ्या धाग्यावर आहे, समोर मधोमध आडवा धागा येतो, आणि दोघांच्या मध्ये, नेमका दोन्ही कुशींवर, उरेब. उरेब आपल्याच वजनाने खाली उतरतो. कडेभर वजनी दोरी घातली, मीटरला 25 ग्रॅमची धरली, तर 289 सेंटीमीटरला 70 ग्रॅमहून जास्त ओझं होतं. ते सर्वांत आधी ओढणार कुशींनाच. काही दिवसांत कुशी समोरच्यापेक्षा लांब दिसू लागतात, आणि कापलेला घेर मोठ्या लाटांऐवजी सरळ घड्यांत मिटून जातो. जो घेर आपण गोल कापून मिळवला, तो वजनाने घालवला.

वजनी हेमची जागा वेगळी आहे. सरळ धाग्यावरची कड, मागे अस्तराचा आधार, आणि खाली सपाट पडायला हवं असं कापड. कोको शनेलच्या जॅकेटांत अस्तराच्या खालच्या कडेलगत साखळी शिवलेली असते, ती याचं ठळक उदाहरण. ट्वीड सैल विणीचं असतं. जॅकेट आखूड असतं आणि हात वर गेला की उचललं जातं. साखळी त्याला पुन्हा जागेवर आणते. साखळी दर्शनी कापडाला नाही, अस्तर आणि दुमडीच्या जोडावर शिवतात, प्रत्येक कडीच्या दोन बाजूंना एक टाका. ती न गंजणारी असावी. ओझं पूर्ण कडेला न देता जिथे शिवणीचा आधार आहे तिथेच द्यायचं असेल, तर कापडी पिशवीत शिवलेली चपटी वजनंही चालतात. ती शिशाची नसावीत, कारण शिसं विषारी आहे. आणि कडेवर एका जागी टोक लोंबलेलं दिसू लागलं तर वजन जास्त झालं, हे उघड आहे.

म्हणजे या एका स्कर्टचे निर्णय असे पडतात. लोकरी फ्लॅनेल असेल तर 2 सेंटीमीटरची दुमड आणि हाताचं ब्लाइंड हेम. जॉर्जेट असेल तर तीन शिलायांचं रोल हेम. पॉलिएस्टर क्रेप मधल्या वजनाचा म्हणून ब्लाइंड हेमचा मोह होईल, पण तो आटत नाही, म्हणून त्यालाही अरुंद वळवून मशीनची शिलाईच द्यावी. कडेला एक रेघ दिसेल, पण चुण्यांपेक्षा ती बरी. वजन यापैकी कोणत्याच स्कर्टला नको.

कोणतंही हेम घ्या, त्याआधी स्कर्ट कमरेवर टांगून एक दिवस तरी लोंबू द्या. जॉर्जेटला दोन दिवस दिले तर उत्तम. कुशींवरचा उरेब जेवढा उतरायचा तेवढा उतरला की स्कर्ट घालणाऱ्या व्यक्तीला उभं करा. जमिनीवर पट्टी उभी धरून सगळीकडे सारख्या उंचीवर टाचण्या लावा. कुशींकडे टाचण्यांच्या खाली जास्त कापड उरलेलं दिसेल, ते तिथेच छाटा, आणि मगच वर सांगितलेली पहिली शिलाई घाला.