रिकव्हर केलेल्या फाइल्सची नावं जातात कुठे, आणि ढिगारा लावायचा कसा

(एका व्याख्यानाचं शब्दांकन, थोडं संपादन करून)

रिकव्हरी झाल्यावर सगळ्यांचा चेहरा सारखाच होतो. आधी आनंद की फोटो आले, आणि मग फोल्डर उघडला की आत f0073728.jpg, f0082944.jpg अशा हजारो फाइल्स, सहलीचा फोल्डर नाही, लग्नाचा फोल्डर नाही, फक्त recup_dir.1, recup_dir.2 असं पुढे चालू. मग लगेच प्रश्न येतो की सॉफ्टवेअरने नावं का बदलली. तर त्याने काहीच बदललेलं नाही, त्याला नाव कधी दिसलंच नाही. आज मी एकच केस घेतो, कॅमेऱ्याचं ३२ जीबीचं कार्ड चुकून फॉरमॅट झालंय आणि आपण फोटोरेक या रिकव्हरी सॉफ्टवेअरने फाइल्स काढल्यात, कारण हे एक नीट कळलं की बाकीच्या बऱ्याच केसेस आपोआप कळतात.

पहिली गोष्ट, फाइलचं नाव फाइलच्या आत नसतं. फोटो म्हणजे जो काही डेटा आहे तो कार्डवर एकीकडे असतो आणि नाव दुसरीकडे, फोल्डरच्या यादीत. ३२ जीबीचं कार्ड साधारणपणे फॅट३२ फॉरमॅटचं असतं, आणि त्यात फोल्डर म्हणजे प्रत्यक्षात ३२-३२ बाइटच्या नोंदींची एक यादी. एका नोंदीत नाव, तारीख, साइझ आणि फाइल कुठल्या क्लस्टरपासून, म्हणजे कार्डवरच्या जागेच्या कुठल्या ठराविक तुकड्यापासून, सुरू होते तो नंबर, बस. `DCIM` हा फोल्डरसुद्धा अशीच एक यादी, त्याच्या आतला 100 ने सुरू होणारा फोल्डर म्हणजे अजून एक यादी.

आता नुसतं डिलीट केलं तर नोंदीतल्या नावाचा पहिला बाइट बदलून E5 होतो, बाकी नोंद तशीच राहते. म्हणून साध्या अनडिलीटमध्ये कधीकधी _MG_0412.JPG असं पहिलं अक्षर उडालेलं नाव दिसतं, ते याचमुळे. पण कॅमेऱ्यात फॉरमॅट केलं की मूळ यादी रिकामी होते, आणि कॅमेरा लगेच नवीन `DCIM` बनवतो, तो बऱ्याचदा जुना जिथे होता तिथेच किंवा त्याच्या शेजारी. म्हणजे जुनी यादी नव्या रिकाम्या यादीखाली गाडली गेली. हजार फोटोंच्या नोंदींना जागा लागते जेमतेम ३२ केबी, म्हणजे बहुतेक कार्डांवर एक क्लस्टर. एवढासा तुकडा ओव्हरराइट झाला की हजार नावं गेली, पण त्या हजार फोटोंचे काही जीबी मात्र जागच्या जागी शाबूत!

म्हणून मी नेहमी सांगतो की आधी फाइल सिस्टीम वाचणारं टूल चालवून बघा, टेस्टडिस्क वगैरे. जुनी यादी कुठे शाबूत राहिली असेल तर नावं आणि फोल्डर सकट सगळं मिळतं. फोटोरेकची पाळी नंतर.

फोटोरेक यादी बघतच नाही. तो कार्ड पहिल्यापासून वाचत जातो आणि ओळखीच्या खुणा शोधतो. FF D8 FF दिसलं की म्हणतो इथे जेपेग सुरू झाला, मग त्या फॉरमॅटच्या नियमाने शेवट कुठे ते ठरवतो आणि तेवढा तुकडा फाइल म्हणून लिहितो. याला कार्व्हिंग म्हणतात. आता ह्या तुकड्याला काहीतरी नाव द्यायलाच हवं, तर तो तुकडा ज्या सेक्टरला सापडला त्याचा नंबर देतो. f म्हणजे फाइल, t म्हणजे फोटोच्या आत दडलेला छोटा थंबनेल, b म्हणजे तुटकी फाइल. आणि recup_dir चे नंबर म्हणजे दर ५०० फाइल्सनंतर नवीन फोल्डर, एवढंच, त्यात काही अर्थ शोधत बसू नका.

पण f च्या पुढच्या नंबरला अर्थ आहे, आणि लोक हाच नंबर पहिल्या झटक्यात उडवतात, सगळं सिलेक्ट करून photo (1), photo (2) असं रीनेम करून टाकतात. अरे तो पत्ता आहे! एक सेक्टर ५१२ बाइटचा. f0073728 आणि f0082944 मध्ये फरक ९२१६ सेक्टरचा, गुणिले ५१२ केलं की बरोबर साडेचार एमबी. फाइलची साइझसुद्धा साधारण साडेचार एमबी असेल (फाइल क्लस्टरच्या मध्येच संपते, तेवढं किंचित कमी) तर याचा अर्थ दोन्ही फोटो कार्डवर चिकटून आहेत, मध्ये काही नाही. आणि रिकाम्या कार्डवर कॅमेरा एकामागोमाग एक लिहितो, म्हणजे चिकटून असलेले फोटो एकापाठोपाठ काढलेले. गेलेल्या फोल्डरचा क्रम असा थोडाफार परत मिळतो.

आता लावायला घेऊ. रिकव्हरी दुसऱ्या डिस्कवर केलेली असणार हे धरून चालतो, त्या ढिगाऱ्याची एक कॉपी करा आणि काम फक्त कॉपीवर करा, मूळ recup फोल्डर शेवटपर्यंत तसेच. मग t ने सुरू होणाऱ्या फाइल्स एका बाजूला टाका. डिलीट नको, कारण एखादा मोठा फोटो खराब निघाला तर त्याचा थंबनेल हाच काय तो पुरावा उरतो. व्हिडिओ वेगळ्या फोल्डरमध्ये, जेपेग photos नावाच्या फोल्डरमध्ये.

फोटोचं नाव बाहेर असतं पण काढल्याची तारीख आत असते, एक्झिफमध्ये, आणि ती फॉरमॅटने जात नाही कारण ती फोटोच्या डेटाचाच भाग आहे. एक्सप्लोररमध्ये दिसणाऱ्या मॉडिफाइड तारखेवर जाऊ नका, ती काही वेळा बरोबर असते, काही वेळा नुसती रिकव्हरीची तारीख असते. एक्झिफटूल घ्या आणि आधी नुसती चाचणी:

```
exiftool -r -d "%Y/%m/%Y%m%d_%H%M%S_%%f.%%e" "-TestName<DateTimeOriginal" photos
```

यात काहीच हलत नाही, फक्त कुठली फाइल कुठे जाईल ते दाखवतं. पटलं की `TestName` च्या जागी `FileName` लिहून परत चालवा. f0073728.jpg आता 2023/01/20230114_104207_f0073728.jpg होईल, म्हणजे वर्षाचा फोल्डर, महिन्याचा फोल्डर, आणि नावात तारीख, वेळ आणि शेवटी जुना पत्ता. ते %%f मी मुद्दाम ठेवलंय, एक तर पत्ता हरवत नाही आणि दुसरं म्हणजे बर्स्टमध्ये एका सेकंदात पाच फोटो काढलेले असतील तर नावं एकमेकांवर आदळत नाहीत. (विंडोजवर हे बॅच फाइलमध्ये टाकणार असाल तर प्रत्येक टक्क्याचं चिन्ह दुप्पट करावं लागतं, यावर बरेच जण अडकतात.)

कुणीतरी विचारलं की IMG_0412 हे मूळ नाव परत मिळेल का. कधीकधी, हो. कॅननच्या बऱ्याच मॉडेल्समध्ये कॅमेरा फाइल नंबर फोटोच्या आतही लिहून ठेवतो:

```
exiftool -FileNumber 2023/01/20230114_104207_f0073728.jpg
```

उत्तर 100-0412 असं आलं तर फोल्डरचा नंबर १०० आणि फोटो IMG_0412. सगळे कॅमेरे हे करत नाहीत, काहीच आलं नाही तर सोडून द्या. आणि तुम्ही स्वतः कॉम्प्युटरवर दिलेलं नाव, "आजीचा वाढदिवस" वगैरे, ते फाइलच्या आत कधीच गेलं नव्हतं, ते शोधण्यात वेळ घालवू नका.

कमांड चालल्यावर photos मध्ये काही फाइल्स जागच्या हलणार नाहीत, वॉर्निंग येईल. घाबरू नका, ज्यांच्यात तारीखच नाही त्या अशा आपोआप वेगळ्या निघतात आणि खरं काम त्यांचंच आहे. चॅट अ‍ॅपवरून आलेले फोटो, स्क्रीनशॉट, अर्धवट फाइल्स असं काहीबाही त्यात असतं, आणि इथे शेजारी बघायचे.

व्हिडिओचं उदाहरण घेऊ कारण तिथे हे जास्त उपयोगी पडतं. f0082944.jpg सव्वाचार एमबीचा, सकाळी १०:४२ चा. त्याला चिकटून f0091648.mov. मग पुढची फाइल थेट f0726528.jpg, वेळ १०:५१. व्हिडिओतली तारीख गेली असेल किंवा भलतीच असेल (बरेच कॅमेरे व्हिडिओत यूटीसी वेळ लिहितात आणि फोटोत स्थानिक, त्यामुळे व्हिडिओ ठराविक तासांनी सरकलेला दिसतो) तरी तो १०:४२ ते १०:५१ च्या मधला असणार हे शेजाऱ्यांवरून कळतं. अजून एक बघा, ७२६५२८ वजा ९१६४८ म्हणजे ६३४८८० सेक्टर, म्हणजे ३१० एमबी. हातात आलेला व्हिडिओ तेवढाच असेल तर तो बहुतेक पूर्ण आहे. ४० एमबीचाच निघाला तर समजा की पुढचा भाग फोटोरेकला ओळखता आला नाही, उरलेले २७० एमबी त्याच फटीत पडलेले असू शकतात. तुटके व्हिडिओ दुरुस्त करणाऱ्याकडे जाताना ही माहिती बरोबर न्या.

पण ह्या शेजारधर्मावर आंधळा विश्वास नको. कार्डवर मधले मधले फोटो डिलीट करून परत शूट केलं असेल तर कॅमेरा ते रिकामे खड्डे भरत जातो, क्रम मोडतो, एकच फाइल दोन तुकड्यांतही पडते. ओळखायचं कसं, तर नंबरप्रमाणे लावा आणि तारखा वाचत जा. तारखा पुढे पुढे जात असतील तर क्रम विश्वासाचा. २०२३ च्या मध्ये अचानक २०२१ चे चार फोटो आले तर ते आधीच्या कुठल्या तरी फॉरमॅटच्या आधीचे उरलेले, आणि त्यांच्या आसपासच्या बिनतारखेच्या फाइल्सबद्दल काही ठरवू नका. वरचा भाग नीट आणि खालचा करडा किंवा दुसऱ्याच फोटोचा असेल तर ती तुकड्यांत पडलेली फाइल, तिची तारीख मात्र बहुतेक बरोबर असते, कारण एक्झिफ फाइलच्या सुरुवातीलाच असतं.

डुप्लिकेटचंही थोडक्यात. डुप्लिकेट शोधणारी सॉफ्टवेअर्स हॅश, म्हणजे फाइलच्या सगळ्या बाइट्सवरून काढलेला एक आकडा, जुळवतात, आणि कार्व्ह केलेल्या फाइलच्या शेवटी कधीकधी चार फालतू बाइट जास्तीचे येतात, फोटो तोच पण हॅश वेगळा. म्हणून जुन्या बॅकअपशी ताडताना काढल्याची तारीख-वेळ आणि कॅमेऱ्याचं मॉडेल जुळतंय का बघा, आणि दोन्ही उघडून बघा. मग बॅकअपमधली ठेवा, कारण तिला नाव आहे. एवढं करून ज्या फाइल्स कुठेच बसत नाहीत त्यांचा एक फोल्डर करा, f नंबर तसाच ठेवून, आणि तो बंद करून ठेवा.