वारा कोण मोजतो?

(साइटवर काम करणाऱ्या तरुण अभियंत्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

माझ्या पहिल्या मोठ्या साइटवर एका स्लॅबला भेगा पडल्या. स्लॅब तसा लहानच होता, २०० चौरस मीटर आणि १५० मिलिमीटर जाडीचा. म्हणजे ३० घनमीटर काँक्रीट, क्रेनच्या बकेटने भरायचं. सकाळी सातला सुरू करायचं ठरलं होतं, पण या ना त्या कारणाने पहिली बकेट पडली ती साडेदहाला. दीडच्या सुमाराला, रंधा फिरवायच्याही आधी, पृष्ठभागावर तिरप्या, एकमेकींना जवळजवळ समांतर भेगा दिसायला लागल्या. दोन भेगांमध्ये जेमतेम हात-दीड हाताचं अंतर. मिस्त्री म्हणाला, "साहेब, उन्हाने तडकलं." मीही डायरीत तेच लिहिलं.

ते चूक होतं. ऊन आदल्या आठवड्यातही तेवढंच होतं आणि तेव्हाचा स्लॅब बिनभेगांचा निघाला होता. फरक वाऱ्याचा होता, आणि तो आमच्यापैकी कोणीच मोजला नव्हता.

नेमकं काय होतं ते सांगतो. ओल्या काँक्रीटमधले जड कण खाली बसतात आणि पाणी हळूहळू वर येतं. त्याची चकाकी तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. हे पाणी वर येतं त्यापेक्षा वेगाने उडून गेलं की पृष्ठभाग कोरडा पडून आकसायला लागतो. त्या घडीला काँक्रीटला ताण सोसण्याची ताकद जवळपास शून्य असते, म्हणून ते फाटतं. या भेगा सिमेंट कमी पडल्याच्या नाहीत आणि लोखंड चुकल्याच्याही नाहीत. पाणी येण्याचा आणि जाण्याचा हिशेब जुळला नाही, एवढंच.

जाण्याचा वेग काढता येतो. पॉल युनो यांनी १९९८ साली मांडलेलं सूत्र फळ्यावर लिहितो:

```
E = 5 × [(Tc + 18)^2.5 − r × (Ta + 18)^2.5] × (V + 4) × 10^-6
```

E म्हणजे दर तासाला दर चौरस मीटरमधून किती किलो पाणी उडतं. Tc काँक्रीटचं तापमान, Ta हवेचं, दोन्ही सेल्सिअसमध्ये. r म्हणजे आर्द्रता, ती दशांशात घ्यायची. V वाऱ्याचा वेग, ताशी किलोमीटरमध्ये. उत्तर १ च्या जवळ आलं की धोक्याची घंटा. ज्या मिश्रणात पाणी फारसं वर येत नाही, उदाहरणार्थ सिलिका फ्यूम घातलेलं, तिथे १ ची वाट पाहू नका, अर्ध्यावरच सावध व्हा.

आता माझ्या स्लॅबसारख्या दिवसाचे आकडे घालू. हवा ३५ अंश, काँक्रीट ३२, आर्द्रता ४० टक्के. वारा ताशी ५ किलोमीटर असेल तर उत्तर येतं ०.४३. काही होत नाही. वारा १६ झाला की ०.९५. वारा २५ झाला की १.३८. ऊन तेच, सावली तीच, थर्मामीटरचा पारा जागचा हललेला नाही, आणि उडणारं पाणी तिपटीहून जास्त. ताशी २५ किलोमीटरचा वारा अंगावर सुखद वाटतो हो! झाडाच्या बारीक फांद्या हलतात, एवढाच. म्हणून तो कुणाच्या लक्षात येत नाही.

याच सूत्रात दुसरी गंमत लपलेली आहे. वारा १६ च ठेवा आणि काँक्रीटचं तापमान ३२ वरून २८ वर आणा. उत्तर ०.९५ वरून ०.६२ वर येतं. हवा आपल्या हातात नाही, काँक्रीट आहे. खडीचा ढीग सावलीत ठेवा, त्यावर पाणी शिंपडा, मिश्रणाच्या पाण्यात बर्फ घाला. चार अंश उतरवणं अशक्य नाही. आणि पहाटे भरलात तर? हवा २६, काँक्रीट २९, आर्द्रता ७० टक्के, वारा ८. उत्तर ०.३७. सातचं साडेदहा झालं तेव्हा मी काय गमावलं, ते यातून दिसतं.

भरायला लागल्यावर वारा सुटला तर वाऱ्याच्या बाजूला कापडाची आड उभारा, आणि रंधा मारून होईपर्यंत पृष्ठभागावर धुक्यासारखा बारीक फवारा ठेवा. धुकंच हवं, नळीची धार नको. भेग पडलीच आणि काँक्रीट अजून मऊ असेल तर ती पुन्हा व्हायब्रेटर आणि रंध्याने मिटवता येते. वरून सिमेंटचं पाणी ओतून बुजवली तर ती मिटत नाही, झाकली जाते. पृष्ठभाग बोटाला टणक लागला की ओलं गोणपाट आणि त्यावर प्लास्टिक. उद्या सकाळी नव्हे, त्याच तासाला. क्युरिंगचे सात दिवस तिथून मोजायचे, आणि फ्लाय अॅश किंवा स्लॅग असेल तर जास्त. एक जपा. तापलेल्या स्लॅबवर गार पाणी सोडू नका. पाणी काँक्रीटपेक्षा दहा-अकरा अंशांहून जास्त थंड असेल तर त्या धक्क्यानेच भेगा पडतात.

आता पाऊस. पावसाबद्दल साइटवर दोन टोकाची माणसं भेटतात. एकाला थेंब दिसला की काम बंद करायचं असतं. दुसरा म्हणतो, "पाणी काँक्रीटला चांगलंच की!" दोघांनाही मी एकच गणित सांगतो.

एक चौरस मीटर स्लॅब घ्या. घनमीटरला ४०० किलो सिमेंट आणि १६० लिटर पाणी, म्हणजे गुणोत्तर ०.४०. आता ३ मिलिमीटर पाऊस पडला. त्या चौरस मीटरवर ३ लिटर पाणी आलं. ते १५० मिलिमीटर जाडीत सगळीकडे मुरलं असतं तर ६० किलो सिमेंटला २७ लिटर, म्हणजे ०.४५. वाईट, पण जीवघेणं नाही. मात्र ते मुरत नाही, वरच राहतं. आणि गवंडी पावसातच रंधा फिरवायला लागला तर ते वरच्या २० मिलिमीटरमध्ये कालवलं जातं. तिथे सिमेंट आहे ८ किलो, मूळ पाणी ३.२ लिटर. त्यात ३ घाला. गुणोत्तर ०.७८! खालचा स्लॅब उत्तम आणि वर खडूचा थर, असा प्रकार होतो.

म्हणजे नुकसान पाऊस करत नाही, पावसातला रंधा करतो. सर आली की हत्यारं खाली ठेवा, ताडपत्री ओढा. पाऊस थांबल्यावर साचलेलं पाणी रबरी पट्टीने कडेला ओढून बाहेर काढा आणि मगच रंधा. ओलं दिसतंय म्हणून वरून कोरडं सिमेंट भुरभुरायची सवय अनेकांना असते. ती मोडा, त्याची पोपडी निघते. दुसऱ्या दिवशी खिळ्याने ओरखडा काढून बघा. पांढरी भुकटी निघाली तर तेवढा थर घासून काढावा लागेल. खिळा नुसता घसरला तर तुमचं नशीब.

आता क्रेनकडे येतो, कारण माझ्या त्या दिवसाची खरी गोम तिथे आहे. स्लॅबला भेगा पाडणारा वारा आणि क्रेन थांबवणारा वारा एकच असतो, फक्त उंची वेगळी.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग मीटर प्रतिसेकंदात घेतला तर दर चौरस मीटरला ०.६१३ गुणिले वेगाचा वर्ग, इतके न्यूटन. सेकंदाला १० मीटरवर ६१, आणि १४ मीटरवर १२०. वेग दीडपटीहूनही कमी वाढला, दाब दुप्पट झाला.

क्रेनवर लिहिलेली मर्यादा, म्हणजे टॉवर क्रेनला बहुधा सेकंदाला २० मीटर, ही क्रेनची असते, टांगलेल्या वस्तूची नसते. भरलेली बकेट जड आणि आटोपशीर, ती फारशी हलत नाही. शटरिंगचं पॅनेल घ्या. १२ चौरस मीटर, वजन ७२० किलो. सपाट पत्र्यासाठी आकाराचा गुणांक १.४ धरला तर १० मीटरच्या वाऱ्यात त्यावर सुमारे १,०३० न्यूटन आडवं बल येतं, म्हणजे १०५ किलोचा रेटा. ७२० किलोचं पॅनेल त्याने आठ अंश कलतं. वर ३० मीटर दोर असेल तर ते आपल्या जागेपासून सव्वाचार मीटरहून जास्त बाजूला जातं. खाली ते धरायला दोन माणसं उभी असतात. आपण क्रेनच्या मर्यादेच्या निम्म्यावरच आहोत असं आकडा म्हणतो, आणि इथे माणूस चिरडू शकतो. म्हणून पॅनेल, पत्रे, प्लायचे गठ्ठे यांना वेगळी, खूप खालची मर्यादा ठरवा आणि ती क्रेनच्या केबिनमध्ये लिहून लावा.

दुसरा सापळा अंदाजाच्या आकड्याचा. हवामान खात्याचा वारा जमिनीपासून १० मीटर उंचीवरचा असतो, तोही काही मिनिटांची सरासरी. अंदाज ८ मीटर म्हणतो. मोकळ्या जागीसुद्धा ६० मीटर उंचीवर त्याचे १० च्या वर होतात. त्यावर झोत आला, तर ४० टक्के वाढ अगदी सहज, म्हणजे १४ च्या आसपास. क्रेनची मर्यादा झोताला लागू असते, सरासरीला नाही. फोनवरचा आकडा बघून होकार देणाऱ्याने ८ वाचले, आणि जिबवर १४ आहेत. म्हणून वेगमापक क्रेनच्या माथ्यावर, मोकळ्या हवेतच हवा आणि तो चालू हवा. आणि हो, जिबवर जाहिरातीचा फलक बांधायची हौस कुणाला झाली तर निर्मात्याला विचारल्याशिवाय नाही. ते शीड आहे. काम संपल्यावर जिब वाऱ्याबरोबर मोकळी फिरली पाहिजे, त्यामुळे हूक कशाला तरी बांधून घरी जाणं हीसुद्धा मोठी चूक.

(एक श्रोता: आणि बकेटने भरताना मध्येच क्रेन थांबवावी लागली तर?)

तेच झालं त्या दिवशी. भेगा दिसल्यावर तासाभरात झोत मर्यादेबाहेर गेले आणि ऑपरेटरने काम थांबवलं. बरोबर केलं. वीस बकेट पडल्या होत्या, दहा राहिल्या होत्या. गरमीत काँक्रीट लवकर धरतं, त्यामुळे घड्याळावर भरवसा नको. चालू व्हायब्रेटरची नीडल कडेच्या काँक्रीटवर ठेवा. ती स्वतःच्या वजनाने आत जात असेल आणि काढल्यावर खड्डा मिटत असेल, तर काँक्रीट जिवंत आहे, पंप मागवा आणि पुढे चला. खड्डा तसाच राहिला तर त्यावर नवं काँक्रीट ओतू नका, तिथे थंड सांधा होईल, पाणी झिरपेल.

आमचा खड्डा तसाच राहिला. मग गाळ्याच्या मधल्या एक-तृतीयांश भागात, जिथे कातर बल कमी असतं, तिथे फळी लावून कड सरळ उभी कापली. संध्याकाळी काँक्रीट अर्धवट कडक असताना पाण्याच्या फवाऱ्याने आणि तारेच्या ब्रशने त्या कडेची साय काढून खडी उघडी केली. उरलेल्या दहा बकेट दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला भरल्या. साडेसहापर्यंत काम संपलं होतं, आणि तेव्हा वारा ताशी सहा किलोमीटर होता. त्या दिवशी मी तो मोजला होता.